प्रथिनांचा ताळेबंद

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची तयारी आरंभिली आणि एके दिवशी प्रथिनांच्या भुकटीचा मोठा डबा घरात आणला. आमच्या मातोश्रींनी विचारले, "आपल्या घरच्या जेवणाला काय झाले?" तो म्हणाला, "काका, शाकाहारी माणसाला हे घ्यावेच लागते, असे प्रशिक्षक सांगतात." पस्तीस वर्षे बँकेत घालविलेल्या माणसाने अशा वेळी हिशेब मांडावा, हेच बरे.

त्याचे वजन साठ किलो. सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे त्याला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित धावणाऱ्यास मात्र किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. आम्ही १.४ धरले; गरज ८४ ग्रॅम झाली.

मग स्वयंपाकघरातील तराजू काढला. सकाळचे पोहे, दिवसभरातील सहा पोळ्या, थोडा भात, वाटीभर पातळ वरण, भाजी आणि पेलाभर दूध. बेरीज ४५ च्या आसपास भरली. तूट खरीच होती, आणि तिचे मूळ त्या पातळ वरणात होते. वाटीत तुरीची डाळ जेमतेम तीस ग्रॅम. शाकाहाराला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरले असते.

डाळ दुप्पट केली, साडेसहा ग्रॅम वाढले. पोह्यांच्या जोडीला पन्नास ग्रॅम भिजवून शिजविलेले मूग, बारा ग्रॅम. (मोड आलेले आमच्याकडे चालत नाहीत, मोडांवाचून प्रथिने घटत नाहीत.) दुपारी मूठभर फुटाणे, आठ, सायंकाळी पाऊणशे ग्रॅम पनीर, तेरा. तूट भरून निघाली. पोळीच्या प्रथिनांत जे अमिनो आम्ल कमी पडते, ते डाळीत विपुल असते. दोन्ही एकाच घासात असण्याची आवश्यकता नाही, एका दिवसात पुरते. त्यामुळे द्विदलाचा नियमही सहज सांभाळता येतो.

चौविहाराचा प्रश्न उरला. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत, ही समजूत फारशी खरी नाही. स्नायूंची दुरुस्ती पुढे दिवसभर चालते. तरी सायंकाळी धावून रात्रभर उपाशी राहणे मातोश्रींना रुचेना, म्हणून धावणे पहाटेवर आणले.

त्या डब्यातील एका मापात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, तीही दुधाच्या निवळीची. प्रवासात, किंवा भूक मंदावून एवढे जेवण जात नसेल तेव्हा ती सोयीची. अधिक काही नाही. ज्यांचे मूत्रपिंड दुखणाईत आहे, त्यांनी मात्र प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

खरी उणीव निराळ्याच खात्यात निघाली. रक्ततपासणीत त्याचे बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते डाळींत नसतेच. दुधातून मिळते ते एका पेल्यात पुरेसे होत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कॅप्सूल घेऊ नका, असे मीच सुचविले, कारण तिचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते.


डबा अजून कपाटात आहे. पुढच्या महिन्यात तो शर्यतीसाठी बाहेरगावी जाईल, तेव्हा उघडू म्हणतो.