उल्लेखातला इवान आणि हाकेतला इवान

युक्रेनी घरात जन्मलेल्या इवानचे नाव कागदोपत्री एकच असते. पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारीत नाही. आई लाडाने ‘इवान्कु’ म्हणते. सवंगडी ‘इवाने’ म्हणतात. तो साहेब झाला की हाताखालची माणसे वडिलांचे नाव जोडून ‘इवाने पेत्रोविचु’ म्हणू लागतात, किंवा नुसत्या हुद्द्याने ‘पाने दिरेक्तोरे’, म्हणजे ‘संचालकसाहेब’. म्हातारपणी नातवंडे ‘दीदु’ म्हणतात. आजोबांसाठीचा मूळ शब्द ‘दीद’. यातल्या प्रत्येक हाकेत शब्दाचा शेवट बदललेला आहे. ‘इवान’ हे मूळ रूप त्याच्याविषयी बोलताना वापरायचे, त्याच्याशी बोलताना नाही. युक्रेनी व्याकरणातली ही सातवी विभक्ती, संबोधन. मराठी माणसाला ती परकी वाटू नये. ‘देवा’, ‘मुलांनो’ हे आपण रोज म्हणतोच. फरक एवढाच, की आपल्याकडे औपचारिक बोलण्यात ती मागे सरते आणि ‘पाटीलसाहेब’ म्हणून काम भागते. युक्रेनीत उलट आहे. प्रसंग जितका औपचारिक, तितकी ती चुकवणे अवघड.

हा सगळा शिष्टाचाराचा मामला आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ही विभक्ती वाक्यात काम करते, आणि ते काम भूतकाळात स्पष्ट दिसते. मराठीत ‘तो झोपला’ आणि ‘तू झोपलास’ यांत क्रियापदच पुरुष सांगते. युक्रेनी भूतकाळी क्रियापद लिंग आणि वचन दाखवते, पुरुष दाखवत नाही. ‘स्पाव’ म्हणजे मी झोपलो, तू झोपलास किंवा तो झोपला. कर्ता गाळला तर यांतले कोणते ते शब्दावरून कळायचे नाही. आता ‘इवान स्पाव?’ म्हटले तर इवान झोपला का, अशी तिसऱ्याकडे केलेली चौकशी होते. ‘इवाने, स्पाव?’ म्हटले की प्रश्न थेट इवानला आहे, तू झोपलास का. क्रियापद तसूभर हललेले नाही. कोणाशी बोलणे चालले आहे ते नावाच्या शेवटच्या एका स्वराने सांगितले. कथेतल्या संवादात हा स्वर फार उपयोगी पडतो. खोलीत तिघे बोलत असतील तर ‘तो ओक्सानाकडे वळून म्हणाला’ असे दरवेळी लिहावे लागत नाही. ‘ओक्सानो’ आले की ती समोर आहे, ‘ओक्साना’ आले की तिची गोष्ट चालली आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्वल्पविराम आणि आवाजाचा चढउतार असताना प्रत्यय कशाला? शेजारच्या रशियनने ही विभक्ती शतकांपूर्वी टाकली. ‘बोझे’, ‘गोस्पोदी’ असे देवाला हाक मारण्याचे काही शब्द उरले, बाकी सारे प्रथमेवर चालते, आणि रशियन लोकांचे काही अडले नाही. हे खरेच आहे. कोणतीही भाषा कोणत्याही एका विभक्तीवाचून जगू शकते. पण एखादी सोय दुसऱ्या भाषेत नाही, यावरून ती या भाषेत रिकामी बसली आहे, असे ठरत नाही. रिकामी असती तर नव्या शब्दांना ती लागली नसती. युक्रेनीत ती परवा आलेल्या शब्दालाही लागते. ‘मेनेजर’ला हाक मारायची तर ‘मेनेजेरे’. व्यंजनही बदलते: मित्र तो ‘द्रुह’, पण हाक ‘द्रुझे’, ओलेह नावाच्या माणसाला ‘ओलेझे’.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो व्याकरणकारांचा आहे. विभक्ती म्हणजे नामाचे वाक्यातल्या इतर शब्दांशी नाते; हाकेचे क्रियेशी नातेच नसते, मग ती विभक्ती कशी? आपल्याकडे पाणिनीनेही संबोधनाला स्वतंत्र विभक्ती मानले नाही. ‘सम्बोधने च’ या सूत्राने त्याने ते प्रथमेतच बसवले. तेव्हा हा प्रश्न कोणा एका राजवटीने काढला असे म्हणता येत नाही. पण युक्रेनमध्ये त्याचा वापर कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. 1933 नंतर युक्रेनी लेखननियम रशियनच्या जवळ आणले गेले आणि सोव्हिएत व्याकरणांत संबोधनाला विभक्ती न म्हणता नुसते ‘हाकेचे रूप’ म्हणू लागले. पाणिनीने संबोधनाला वेगळी विभक्ती म्हटले नाही, तरी त्याची रूपे नेमून दिली. ‘सीते’च्या जागी ‘सीता’ चालवून घ्या, असे त्याने म्हटले नाही. सोव्हिएत काळात मात्र पदावनतीबरोबर सक्तीही सैल झाली. कोष्टकात सहाच विभक्ती आणि हाक ऐच्छिक, असे झाले की लिहिणारा सोपे ते करतो आणि शेजारच्या मोठ्या भाषेसारखी प्रथमा लिहितो. 1990 च्या नियमावलीत तिला पुन्हा विभक्तीचा दर्जा मिळाला. नावाच्या वादात मला फारसा रस नाही. दर्जा गेला की वापर जातो, हे मात्र इथे दिसते.

याचा खरा कस औपचारिक पत्रात लागतो. समजा, एका संस्थेच्या संचालकांना, इवान पेत्रेन्को यांना, अर्ज लिहायचा आहे. वरच्या कोपऱ्यात कोणाला ते चतुर्थीत येते: ‘दिरेक्तोरोवी पेत्रेन्कु इवानोवी’. आपण ‘मा. मुख्याध्यापक यांस’ लिहितो तसेच. मग मधोमध, वेगळ्या ओळीत, संबोधन: ‘शानोव्नी पाने इवाने!’ म्हणजे आदरणीय इवानसाहेब. ‘शानोव्नी’ हे विशेषण बदलत नाही, कारण विशेषणाला संबोधनाचे वेगळे रूप नाही. पुढची दोन्ही नामे बदलतात. शेवटी सही करणाऱ्याचे नाव प्रथमेत. एकाच कागदावर नाव पत्ता म्हणून एका रूपात, हाक म्हणून दुसऱ्या रूपात आणि ओळख म्हणून तिसऱ्या रूपात येते. चूक होते ती मधल्या ओळीत. ‘शानोव्नी इवान पेत्रोविच’ असे लिहिलेले दिसले की रशियन साचा उचलला आहे हे युक्रेनी वाचक ओळखतो. त्याहून वाईट म्हणजे ‘पाने इवान पेत्रोविच’, पहिला शब्द हाक आणि पुढचे दोन यादीतून उतरवलेले. यंत्राने पाठवलेल्या पत्रांत हे हमखास होते, कारण नोंदवहीत नावे प्रथमेत साठवलेली असतात आणि जोडणाऱ्याने फक्त ‘पाने’ आधी चिकटवलेले असते. अशा पत्रात मजकूर कितीही नम्र असो, पहिल्या ओळीत माणसाकडे वळलेलेच नसते. त्याच्या नोंदीकडे पाहिलेले असते.

आडनावांचा घोळ मात्र मान्य करावा लागतो. 2019 च्या लेखननियमांनी ‘पाने’नंतरचे आडनाव प्रथमेत ठेवायला किंवा संबोधनात न्यायला, दोन्हीला मुभा दिली: ‘पाने पेत्रेन्को’ही चालेल, ‘पाने पेत्रेन्कु’ही. दोन सामान्य नामे असतील तर दोन्ही बदलावीत, ‘पाने लेइतेनान्ते’. पेत्रेन्को आडनावाच्या बाईंना तर ‘पानी पेत्रेन्को’ एवढेच, कारण बाईंच्या बाबतीत हे आडनाव बदलतच नाही आणि ‘पानी’ही नाही. तिथे हाक आणि उल्लेख एकसारखे दिसतात. अनेकवचनातही बहुधा तसेच. म्हणजे माझा मूळ दावा प्रत्येक नावाला लागू नाही. म्हणूनच औपचारिक पत्रात आडनावाऐवजी ‘पानी ओलेनो’ असे पहिले नाव घेण्याची युक्रेनी रीत मला जास्त पटते. मराठी कानाला ते सलगीचे वाटेल. तिथे ‘पानी’ शब्दाने अंतर राखलेले असते, आणि वाचणारीला आपल्याशीच कोणी बोलते आहे हे ‘ओलेनो’तल्या ओकाराने कळते.