छातीतले ऐकणारी नळी

कापूस वेचणीला आला होता आणि आमच्या आबांचा खोकला आठवडाभर हटत नव्हता. "साधा खोकला आहे," म्हणत ते रानात जातच राहिले. शेवटी मी त्यांना काटोलहून नागपूरला मेडिकलमध्ये आणले.

डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, रात्री ताप येतो का?"

"नाही जी."

"श्वास घेताना बाजूत दुखते का?"

"नाही जी."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. सदरा काढायला लावून पाठीवर नळी टेकवली आणि तोंड उघडून मोठा श्वास घ्यायला सांगितले. उजवीकडे खाली ते थांबले. डावीकडे तीच जागा ऐकली, पुन्हा उजवीकडे आले. मग म्हणाले, "इथे न्युमोनिया वाटतो. फोटो काढून खात्री करू." फोटोतही तेच निघाले. तेव्हा आबांनी कबूल केले की चार रात्री ताप येत होता. वेचणी सोडून दवाखान्यात पडावे लागेल म्हणून सांगितला नव्हता.

तोंडाने लपवलेले छातीने सांगितले. ही सोय माणसाला मिळून दोनशेहून थोडीच अधिक वर्षे झाली आहेत.

त्याआधी वैद्य नाडी बघत, जीभ बघत, पण मुख्य भरवसा रोग्याच्या सांगण्यावर असे. ऑस्ट्रियातल्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी 1761 साली छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायची रीत लिहून ठेवली. भरलेले पिंप आणि रिकामे पिंप वाजवल्यावर आवाज वेगळा येतो, तसेच हे. काही डॉक्टर सरळ छातीला कान लावत.

1816 साली पॅरिसच्या नेकर इस्पितळात लाएनेक नावाच्या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण बाई आली. अंगाने स्थूल असल्याने ठोकून काही कळेना. परक्या तरुण बाईच्या छातीला कान लावणे मर्यादेला धरून नव्हते. लाएनेकना आठवले की लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक बाईच्या हृदयावर ठेवले, दुसऱ्याला कान लावला. नुसत्या कानाने ऐकू येई त्याहून ठोके स्वच्छ ऐकू आले.

पुढे त्यांनी साधारण फूटभर लांबीची, मधून भोक पाडलेली लाकडी नळी तयार केली. दोन्ही कानांना लावायची नळी आली ती 1850 नंतर.

पण नुसत्या नळीने काम भागत नव्हते. आवाज आला, पण तो कशाचा? लाएनेक रोज रोग्यांच्या छाती ऐकून टिपून ठेवत. त्यातला कोणी दगावला, की शव उघडून त्याच जागी फुप्फुसात काय झाले आहे ते बघत. असे आवाज आणि बिघाड यांची जोडी लावून 1819 साली त्यांनी ग्रंथ छापला. न्युमोनियाच्या सुरुवातीचा आवाज त्यांना तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा वाटला. तुम्हाला तो अंदाजे ऐकायचा असेल, तर कानाजवळची केसांची बट दोन बोटांत धरून चोळा. आबांच्या पाठीत डॉक्टरांनी तसेच काहीसे ऐकले होते.

या जोडीमुळे तपासणी बदलली. आतला रोग कुठे आहे, हे माणूस जिवंत असताना, चाकू न लावता सांगता येऊ लागले. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली, तर रोग्याचे बोलणे त्या जागेवर ठेवलेल्या नळीतून थेट कानात शिरल्यासारखे येते, हेही लाएनेकनी दाखवले. पुढे 1826 साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते स्वतःच क्षयाने गेले.

नळीलाही मर्यादा आहेत. क्षयाचा लहानसा डाग आवाज करीत नाही. तिथे बेडका तपासावा लागतो, फोटो काढावा लागतो. कपडा घासला तर तोही तडतडल्यासारखा ऐकू येतो, म्हणून सदरा काढायला सांगतात. आणि दमेकऱ्याची शिट्टी अचानक थांबली, पण धाप तशीच राहिली, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नका. हवाच आत-बाहेर जात नसेल तर शिट्टी वाजणार कशी? अशा वेळी तडक दवाखाना गाठावा.

आबा औषधांनी बरे झाले. तोवर कापूस आम्ही वेचून घेतला होता. आता डॉक्टरांनी नळी कानाला लावली, की ते आधीच म्हणतात, "थांबा जी, ताप येतो, ते मीच सांगतो."