शीर्षक बदललं, पण आकडा कशामुळे वाढला?



माझ्या पाचवीतल्या एका विद्यार्थिनीने पावसाळ्याच्या निबंधाला नाव दिलं होतं, ‘ढगांची शाळा सुटली’. मी तो निबंध त्याच नावाने इंटरनेटवर टाकला. एक सहकारी म्हणाले, “सर, हे नाव शोधणार कोण? लोक ‘पावसाळा निबंध मराठी’ असंच टाइप करतात.” म्हटलं, तपासून बघूया.

18 मे ते 14 जून, म्हणजे 28 दिवस, जुनं शीर्षक ठेवलं. मग ‘पावसाळा निबंध मराठी: माझा आवडता ऋतू’ असं केलं. पानाचा पत्ता आणि मजकूर मात्र तोच ठेवला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. गूगलला नवं शीर्षक लक्षात यायला वेळ लागतो, म्हणून मधला एक आठवडा सोडून 22 जून ते 19 जुलै मोजलं.

गूगल सर्च कन्सोलमध्ये ‘इंप्रेशन’ दिसतात. आपलं पान शोधाच्या निकालात किती वेळा दिसलं, तो हा आकडा. कोणी क्लिक केलं नाही तरी तो मोजला जातो. जुन्या शीर्षकाला 400, नव्याला 1000! मी तर खूशच झालो.

पण जरा थांबा. जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्या, पाऊसही आला. पावसाळ्याचे निबंध तेव्हा सगळेच शोधतात. मग मी माझाच दुसरा निबंध पाहिला, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्याला हातही लावला नव्हता, तरी तो 300 वरून 600 वर गेला होता! म्हणजे माझे 400 काही न करताही 800 झाले असते. शीर्षकाची कमाई फक्त वरच्या 200 ची, म्हणजे पाव पट.

तेवढ्यावरही विश्वास बसेना. म्हणून जुनं शीर्षक परत लावलं, पुन्हा आठवडा सोडला आणि 27 जुलै ते 23 ऑगस्ट मोजलं. शेजारच्या निबंधाच्या दर 100 इंप्रेशनमागे माझी किती, असा हिशोब केला. आधी 133, नव्या शीर्षकाला 167, जुनं परत लावल्यावर 130. शीर्षक गेलं तशी वाढही गेली. आता पटलं. अर्थात हा एकाच पानाचा अनुभव आहे. शंभराच्या आत इंप्रेशन असतील तर असा निष्कर्ष काढू नका.

शेवटी पानाच्या टायटलमध्ये शोधाचे शब्द घातले आणि आत, निबंधाच्या डोक्यावर, ‘ढगांची शाळा सुटली’ ठेवलं. गूगल कधीकधी आतलं नावही निकालात दाखवतं, ते चालेल. तिचं नाव पुसून मिळालेली पाव पट वाढ मला नको होती.