अभ्यासिकेची वेळ आणि एका पोलची गोष्ट

2025 साली दहावीची बोर्डाची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि 2 मार्चला पहिला रोजा आला. म्हणजे अर्ध्याहून जास्त परीक्षा रमजानमध्ये. आमच्या मुकुंदनगरच्या गल्लीत आणि आजूबाजूला त्या वर्षी दहावीला बसलेल्या एकोणीस मुली होत्या. कुणाच्या घरी एकच खोली, कुणाकडे चार लहान भावंडं. म्हणून एका आपांनी आपल्या घराची खालची खोली महिनाभर मोकळी करून दिली. पंखा, ट्यूबलाइट, दोन सतरंज्या अशी सगळी सोय होती. मी पूर्वी शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून मुलींजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. फक्त वेळ ठरायची राहिली होती.

मी आमच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साधा प्रश्न टाकला, “रमजानमध्ये मुलींची अभ्यासिका कधी ठेवावी?” संध्याकाळपर्यंत साठेक उत्तरं आली. त्यातली निम्मी “माशाअल्लाह” आणि “जझाकल्लाह” अशी होती. दुआ मिळाल्या, वेळ मिळाली नाही. उरलेल्यांपैकी कुणी लिहिलं, “रोजा ठेवून मुली दमतात.” कुणी लिहिलं, “जागा लांब पडते.” एका खालांनी तर इफ्तारला काय द्यावं तेच सुचवलं. प्रश्न मोकळा असला की ज्याच्या मनात जे असेल ते बाहेर येतं. त्याची बेरीज काही करता येत नाही.

मग माझ्या भाच्याने पोल टाकायला शिकवलं. मी घाईघाईत पाच पर्याय लिहिले: सकाळी, दुपारी, असरच्या आधी, तरावीहनंतर शांत वेळी, कधीही चालेल.

एकेचाळीस मतं पडली. सकाळी 4, दुपारी 9, असरच्या आधी 8, तरावीहनंतर 13, कधीही 7. तरावीहनंतरची वेळ जिंकली. मी निर्धास्त झाले. पहिल्या रात्री एकोणीसपैकी पाच मुली आल्या. तेरा मतं आणि पाच मुली! आपा खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मतं तर तुलाच पडली होती ना गं?”

मला रागच आला होता. आपण एवढं करतो आणि आया मुलींना पाठवत नाहीत, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मी तो पोल कागदावर उतरवून घेतला आणि एकेक ओळ वाचत गेले. तेव्हा लक्षात आलं की आया चुकल्या नव्हत्या. मी चुकीचं विचारलं होतं.

पहिली चूक आकड्यांतच दिसत होती. “दुपारी” आणि “असरच्या आधी” या माझ्या लेखी दोन वेळा होत्या, पण बायकांच्या घड्याळात ती एकच वेळ होती. नऊ आणि आठ मिळून सतरा बायकांना तीच वेळ हवी होती, म्हणजे रात्रीच्या तेरांपेक्षा चार जास्त. एकाच पसंतीला मी दोन नावं दिली, तिची मतं फुटली आणि कमी पसंतीची वेळ वर आली. पर्याय खरोखर वेगळे आहेत का हे तपासायची एक सोपी रीत आता मला सापडली आहे. एक मत घेऊन विचारायचं, हे दोन्हीकडे बसू शकतं का? बसत असेल तर ते दोन पर्याय नाहीत. “दुपारी” लिहिण्याऐवजी “3 ते साडेचार” लिहिलं की हा गोंधळ होत नाही. दुपार कुणाची बाराला सुरू होते, कुणाची जेवणाची भांडी घासून झाल्यावर.

दुसरी चूक माझ्या मनातली होती. रात्रीच्या पर्यायाला मी “शांत वेळी” असं गोड शेपूट जोडलं होतं, कारण मला स्वतःला तीच वेळ सोयीची होती. बाकीच्या ओळी कोरड्या आणि ही एकटी सजवलेली. शिवाय त्या वेळेची अडचण मी लिहिलीच नव्हती. रात्री अकराला मुलीला घरी कोण पोचवणार? तो प्रश्न आयांना त्या रात्री दारात उभं राहिल्यावर पडला. पर्यायाचा गुण लिहायचा असेल तर सगळ्यांचे लिहावेत, नाहीतर कुणाचाच नको. मात्र ज्या पर्यायासोबत एखादी जबाबदारी येते, ती त्याच ओळीत लिहायलाच हवी.

तिसरी चूक म्हणजे मत कुणाचं घ्यायचं हे मी ठरवलंच नव्हतं. ग्रुपमध्ये चौऱ्याहत्तर बायका. मत देणाऱ्यांची नावं पाहिली, तर एकेचाळीसपैकी दहावीतल्या मुलींच्या आया फक्त बारा होत्या. बाकीच्यांनी भलेपणाने मत दिलं होतं, पण पाठवायला त्यांच्या घरी मुलगीच नव्हती. आणि “कधीही चालेल” म्हणणाऱ्या सात जणींनी तर काहीच सांगितलं नव्हतं.

यावरून मला माझ्या आजोळच्या पारनेर तालुक्यात ऐकलेली उभी बाटली, आडवी बाटली आठवली. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायका मतदान करू शकतात. 2008 च्या नियमाप्रमाणे आधी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के जणींनी लेखी मागणी करायची. मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोनच चित्रं असतात. दुकान चालू ठेवायचं असेल तर उभी बाटली, बंद करायचं असेल तर आडवी. अक्षर न येणारी आजीसुद्धा चुकत नाही. दोन्ही बाजूंना एकच बाटली, एका बाजूला हार नाही की दुसऱ्या बाजूला कवटी नाही. तिसरं चित्र नाही, कारण तिसरा निर्णयच नाही.

त्या मतदानातली आणखी एक गोष्ट मला नीट समजून घ्यावी लागली. दुकान बंद व्हायला आलेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत 1000 बायका आहेत. 600 आल्या आणि त्यातल्या 450 जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली बाई नकळत उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. हे बरं की वाईट यावर वाद होऊ शकेल, पण यादी कुणाची, किती मतांनी ठरणार आणि गप्प राहण्याचा अर्थ काय, हे तिथे आधीच ठरलेलं असतं. माझ्या पोलमध्ये यातलं एकही ठरलेलं नव्हतं.

मग मी नवा पोल केला. आधी एकोणीस घरांचा वेगळा छोटा ग्रुप बनवला. पहिल्या प्रश्नाला आलेली उत्तरं पुन्हा वाचली आणि वेळेबद्दलची तेवढी वेगळी काढली. जागा लांब असल्याची तक्रार हा वेगळा प्रश्न होता, तो या पोलमध्ये मिसळला नाही. प्रश्नही बदलला. “कोणती वेळ बरी?” असं विचारलं की बाई आपलं मत सांगते. मला मत नको होतं, मुलगी येणार का ते हवं होतं. म्हणून लिहिलं:

“पेपर नसलेल्या दिवशी तुमची मुलगी कोणत्या वेळी येऊ शकेल? जमतील त्या सगळ्या वेळा निवडा.
फजरनंतर, सव्वासहा ते पावणेआठ
जोहरनंतर, 3 ते साडेचार
तरावीहनंतर, पावणेदहा ते अकरा, न्यायला घरातलं माणूस येईल
यापैकी कोणतीच नाही, मला फोन करा”

वेळा घड्याळाच्या क्रमाने ठेवल्या, माझ्या आवडीच्या नाही. व्हॉट्सअ‍ॅप बारा पर्याय लिहू देतं, पण तीन वेळा आणि एक सुटकेची वाट एवढं पुरेसं होतं. Allow multiple answers हे बटण मुद्दाम चालू ठेवलं. एकच मत द्यायचं असतं तर प्रत्येकीने आपली सर्वांत आवडती वेळ सांगितली असती, आणि दुसरी वेळही तिला जमते हे मला कळलंच नसतं. वेळ जुळवायची असते तेव्हा ही दुसरी माहितीच कामाला येते. ईदच्या खर्चासाठी घरटी वर्गणी 100 की 200, असा प्रश्न असता तर मात्र मी ते बटण बंद केलं असतं, कारण एका घराने एकच रक्कम सांगायची असते. खाली लिहिलं की उद्या असरपर्यंत उत्तर द्यावं, जास्त मुलींना जमेल ती वेळ ठरेल, आणि ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांच्याकडे मी स्वतः चौकशी करीन.

उत्तरं आली. फजरनंतर 8, जोहरनंतर 14, तरावीहनंतर 6, कोणतीच नाही 2. एका घराचं उत्तर आलंच नाही.

वेळ ठरली, पण खरं काम त्या शेवटच्या तिघींपासून सुरू झालं. “कोणतीच नाही” म्हणणाऱ्या एकीचा फोन आला. ती ईदचे कपडे शिवून देते, रमजानमध्ये मशीन थांबत नाही, आणि दुपारी धाकट्या मुलाला मोठी मुलगीच सांभाळते. ती संकोचत म्हणाली, “बाजी, भावाला घेऊन आली तर चालेल का?” हा पर्याय मला सात जन्मात सुचला नसता. दुसरी मुलगी श्रीरामपूरला नानीकडे राहून तिथूनच पेपर देत होती, तिचा प्रश्नच मिटला. जिचं उत्तर आलं नव्हतं, तिच्या घरी गेले तर कळलं की घरात फोन एकच आहे आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो. त्या बाईने माझे दोन्ही पोल पाहिलेच नव्हते. मी तिला गप्प समजत होते.

आणखी एक गोष्ट मला एका भाभींनी बाजूला घेऊन सांगितली. पहिल्या वेळी त्यांनी रात्रीच्या वेळेला मत दिलं, कारण जागा देणाऱ्या आपांनी सर्वांत आधी तेच दिलं होतं. आमच्या ग्रुपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. ज्यांच्या घरी बसायचं त्यांच्या विरुद्ध बोट कसं ठेवायचं? म्हणून दुसऱ्या वेळी मी आपांना शेवटी मत द्यायला सांगितलं होतं. पैशांचा किंवा माणसांचा प्रश्न असेल तर एवढ्यानेही भागत नाही. तिथे चिठ्ठ्या आणि रिकामा डबाच बरा.

सूरह शूरा हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. मशवरा म्हणजे चार जणांत विचारणं, एवढंच मला ठाऊक होतं. समोरच्याला खरं उत्तर देता येईल असं विचारणं हेही विचारणाऱ्याच्याच अंगावर असतं, हे त्या आठवड्यात कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता सोळा मुली येऊ लागल्या. दोघींना फक्त फजरनंतर जमत होतं, त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. आणि सतरंजीच्या एका कोपऱ्यात तीन वर्षांचा एक भाऊ रोज साडेचारपर्यंत झोपलेला असायचा.