एकशे एक्कावन्नावी पावती

काल रात्री साडेअकराला मी खुर्चीतून ताडकन उठलो आणि झोपलेल्या घराला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो, "अरे, पुढच्या पुस्तकाचा पहिला नंबर!" बायकोने आतून विचारलं, "काय झालं?" काय झालं ते सांगतो.

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या यंदा घरच्या प्रिंटरवर छापायच्या ठरल्या. एका पुस्तकात ५० पावत्या. पहिली दोन पुस्तकं गेल्या वर्षीचीच शिल्लक होती, म्हणून तिसऱ्याचे क्रमांक १०१ ते १५०. महिन्याभरापूर्वी पायथन शिकायला घेतलेलं असल्यामुळे मी साहजिकच पुढे सरसावलो.

```python
for n in range(101, 150):
    print(n)
```

छापून पाहिलं तर पावत्या ४९. पुन्हा मोजल्या, तरी ४९. शेवटचा क्रमांक १४९ होता आणि १५० कुठेच नव्हता! चूक दाखवणारा लाल संदेशही नाही. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, १५१ टाका. शेवटचा आकडा तो धरत नाही." टाकला आणि ५० आल्या. पण मला राग आला. १५० पर्यंत हवंय तर १५१ का सांगायचं? हा कुठला न्याय?

मग चौथ्या पुस्तकाची ओळ लिहायला बसलो आणि हात थांबला.

```python
range(101, 151)   # तिसरं पुस्तक
range(151, 201)   # चौथं पुस्तक
```

तिसरं जिथे थांबतं तोच आकडा चौथ्याची सुरुवात! मध्ये एकही पावती सुटत नाही, एकही दोनदा छापली जात नाही. १५१ हा तिसऱ्या पुस्तकाचा शेवट नव्हताच मुळी. तो शेजारच्या घराचा उंबरा होता. आणि संख्या? १५१ वजा १०१ म्हणजे ५०. नुसती वजाबाकी! आपण एरवी "५ तारखेपासून १० तारखेपर्यंत" म्हणतो आणि मग "दोन्ही दिवस धरून की सोडून?" असा वाद घालत बोटं मोजतो. इथे तो वादच मिटलाय: पहिला धरायचा, शेवटचा सोडायचा.

एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली हाताने लिहिलेल्या एका छोट्या टिपणात हेच मांडलंय, हे कळल्यावर तर मी थक्कच झालो. २ ते १२ हे आकडे लिहायच्या चार पद्धती त्याने घेतल्या. एक टोक धरून दुसरं सोडलं, तर दोन्ही टोकांची वजाबाकी हीच संख्या येते आणि शेजारचे तुकडे बरोबर जुळतात. धरायचं ते खालचं टोक, कारण ते सोडलं तर शून्यापासूनची मोजणी लिहायला उणे एकपासून सुरुवात करावी लागेल. म्हणूनच `range(50)` शून्यापासून एकोणपन्नासपर्यंत जातं आणि बरोबर ५० फेऱ्या होतात. पन्नास नावांच्या यादीतल्या जागाही पायथनमध्ये ० ते ४९ अशाच असतात.

आता कागद. एका पानावर चार पावत्या बसतात, म्हणजे प्रत्येक पानाचा पहिला क्रमांक हवा: १०१, १०५, १०९...

```python
range(101, 151, 4)
```

किती पानं? वजाबाकी ५०, भागिले ४, साडेबारा. इथे मी फसलो, बारा धरून बसलो. पण अर्ध्या पानालाही कागद अख्खाच लागतो! उरलेल्या दोन पावत्यांसाठी तेरावं पान, ज्याचा पहिला क्रमांक १४९. म्हणजे टप्पा असेल तर वजाबाकीला टप्प्याने भागायचं आणि बाकी उरली तर एक वाढवायचा. आणि इथे "थांबायच्या आकड्यातून एक वजा केला की शेवटचा आकडा" हा माझा ताजा नियमही पडला. तो फक्त एकेकाने मोजताना खरा. इथे १५० येतच नाही, १४९ नंतर १५३ आला असता आणि तो उंबऱ्यापलीकडे. खात्री करायची तर चालवायच्या आधीच विचारता येतं:

```python
len(range(101, 151, 4))   # 13
```

मग मी खोडसाळपणे `range(151, 151)` करून पाहिलं. शून्य फेऱ्या. अर्थात! ज्या पुस्तकाचा उंबरा त्याच्या पहिल्याच पावतीवर आहे, ते पुस्तक रिकामंच. `range(151, 101)` दिलं तरी शून्यच, तेही गुपचूप. उलटं मोजायचं तर टप्पा उणे द्यावा लागतो. काहीच छापलं गेलं नाही तर आधी दोन आकड्यांची अदलाबदल झालीय का ते पाहायचं, हे आता पक्कं झालं.

बायकोला हे सगळं सांगितलं. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "म्हणजे १५१ नंबरची पावती कोणाची?"

चौथ्या पुस्तकाची! बरोबर ओळखलंस!