टॉपिंग कुणामुळे टळलं?

सुरतेच्या पांडेसरा भागात पॉलिएस्टर रंगवणाऱ्या एका मिलमध्ये मी उत्पादन सांभाळत होतो. आमचा कलर मास्टर मूळचा खानदेशातला. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात मी सरासरीपेक्षा कमी गुण दिले, कारण त्याच्या नावावरचे लॉट आदल्या वर्षीपेक्षा चौथ्या हिश्शाने घटले होते. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पोरांना शिकवलं ते कोणत्या रकान्यात लिहू?" तसा रकानाच नव्हता. तरीही मी सही केली.

पुढे टॉपिंगचा खर्च का कमी झाला हे शोधताना माझी चूक उघडी पडली. शेड नमुन्याशी जुळली नाही की जेटमध्ये पुन्हा रंग घालून तापमान १३० अंशांपर्यंत न्यावं लागतं. एका टॉपिंगला आमच्याकडे सुमारे दोन तास जात, वाफ आणि वीज वेगळी. नवी पोरं ओल्या कापडाचा तुकडा ट्यूबलाइटखाली धरून शेड ठरवायची. ओलं कापड गडद दिसतं, त्यामुळे रंग कमी पडायचा. मास्टरने त्यांना तुकडा पूर्ण वाळवायला, लाइट बॉक्समध्ये दिवसाच्या उजेडाखाली पाहायला आणि रंग घालण्याआधी पाण्याचा पीएच पाच-साडेपाचच्या आसपास आहे का हे तपासायला लावलं. त्यासाठी तो स्वतःचा लॉट थांबवून त्यांच्या शेजारी उभा राहायचा.

मग मी लॅबची वही काढली. त्याच्या हाताखालच्या पोरांच्या शंभर लॉटमध्ये सुरुवातीला तीसेक टॉपिंग होती, वर्षअखेरीस बारा. पण हे सगळं श्रेय त्याचं धरणंही चुकीचं ठरलं असतं, कारण सरावाने माणूस सुधारतोच. रात्रपाळीची पोरंही तितकीच नवी होती आणि त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. ती तीसवरून चोविसावर आली होती. तेव्हा शंभरामागे जी बारा टॉपिंग जास्त टळली, ती मी मास्टरच्या खात्यात धरली. म्हणजे शंभर लॉटमागे जेटचे चोवीस तास. पोरांच्या सगळ्या लॉटवर धरले, तर त्याचे जे लॉट घटले, त्यात गेलेल्या वेळेपेक्षा हे तास बरेच जास्त होते.

या हिशोबाला मर्यादा आहेत. फिक्या आणि गडद शेडच्या लॉटना टॉपिंग सारखंच लागत नाही, म्हणून ते वेगवेगळे मोजावे लागतात. शिकलेला एक पोरगा दुसऱ्या मिलमध्ये गेला, तेव्हा त्याचे आकडे वगळा असं मला सुचवण्यात आलं. मी ते मानलं नाही. आम्ही पगार कमी दिला म्हणून तो गेला, शिकवण्यात उणीव नव्हती.

मास्टरची पगारवाढ मागच्या तारखेपासून फरकासह दिली. आता ज्याच्याकडे पोरं सोपवतो, त्याचं लॉटचं उद्दिष्ट एप्रिलमध्येच कमी करून लेखी देतो. तुमच्या हाताखाली असा माणूस असेल, तर त्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी पोरांची वही उघडून बघा.