शितावरून भाताची परीक्षा

माउली, ही म्हण घरच्या तपेलीपुरतीच. सप्ताहातल्या मोठ्या पातेल्यात तळाचा भात आधी शिजतो, वर कणी राहते. उलथणे तळापर्यंत घालून तळ, मध्य आणि कड अशा तिन्ही ठिकाणची शिते बोटांत चिरडून पाहावीत. वर कणी लागली तर चुलीतली लाकडे ओढून झाकणावर निखारे ठेवावेत.

काल्याचे कीर्तन लांबले की आचारी बुवांकडे डोळे वटारतो, ते उगीच नव्हे. वरण चुलीवर रटरटत ठेवता येते; भात तसा ठेवता येत नाही. वाफाळता असेल तोवर वाढावा. कोमट होऊन दोन तास झालेला भात वास न येताही बाधतो, आणि पुन्हा तापवून तो दोष जात नाही. म्हणून पाचशे पानांचा भात एकदम शिजवू नये. दुसरे पातेले पहिली पंगत बसताच चढवावे.